जपानमध्ये शेती प्रशिक्षणाला जाताय? आधी आराखडा वाचा, मग पगार मोजा

जपानमधल्या शेतीकामासाठी आपल्याकडच्या तरुणांची विचारणा वाढली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा कृती आराखडा जाहीर केला. त्यात पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून ५ लाख लोकांची ये-जा आणि त्यापैकी भारतातून ५० हजार कुशल मनुष्यबळ, असे उद्दिष्ट आहे. बातमी छापून आली की तालुक्याच्या गावी फलक लागायला वेळ लागत नाही. ‘जपानमध्ये शेती, पगार दीड लाख’ एवढेच त्यावर असते. हा दीड लाख रुपयांचा की येनचा, हातात येणारा की कापायच्या आधीचा, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

शेतीसाठी जपानला जाण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक कुशल कामगाराचा, त्याला भाषेची आणि कौशल्याची परीक्षा आधी द्यावी लागते. दुसरा तंत्र प्रशिक्षणार्थीचा, म्हणजे टीआयटीपी. हा लेख या दुसऱ्या मार्गाविषयी आहे, कारण शेतकऱ्यांची बहुतेक मुले यातच अडकतात किंवा यातच वर येतात. जपानने ही योजना १९९३ मध्ये सुरू केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारताशी सहकार्य करार झाला आणि आपल्याकडे राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ (एनएसडीसी) तिचे काम पाहते. आता जपानने ही योजनाच बंद करून तिच्या जागी नवी व्यवस्था आणायचा कायदा जून २०२४ मध्ये केला आहे. तो १ एप्रिल २०२७ पासून लागू होतो. म्हणजे आज तयारी करणाऱ्या मुलाला जुने नियमही समजायला हवेत आणि नवेही.

आराखडा हाच व्हिसाचा पाया

या व्हिसाची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इथे नोकरीचे पत्र मिळाले म्हणून व्हिसा मिळत नाही. ज्या शेतावर मुलगा जाणार आहे त्या शेतमालकाने प्रत्येक प्रशिक्षणार्थीचा स्वतंत्र प्रशिक्षण आराखडा तयार करावा लागतो. तो ओटीआयटी ही सरकारी कायद्याने स्थापन झालेली संस्था तपासते आणि मंजूर करते. मंजुरी नसेल तर व्हिसा नाही. मंजुरी रद्द झाली तर मुलाचा तिथला मुक्कामही धोक्यात येतो.

आराखड्यात नुसते ‘भाजीपाला शेती’ असे लिहून चालत नाही. कोणत्या महिन्यात कोणते काम, किती तास, कोण शिकवणार, कोणती अवजारे वापरणार, हे सगळे तक्त्यात मांडावे लागते. शेतीत दुसऱ्या वर्षापासून पुढे राहता येईल अशी कामे मोजकीच ठरवलेली आहेत. पिकांमध्ये संरक्षित शेती म्हणजे हरितगृहातली, खुल्या शेतातली पिके व भाजीपाला, आणि फळबाग. पशुपालनात वराह, कोंबडी आणि दुग्धव्यवसाय. मुलाने पॉलिहाऊसमध्ये टोमॅटो शिकायला म्हणून करार केला आणि आराखड्यात ‘फळबाग’ असेल, तर परीक्षाही फळबागेचीच होणार. ही गफलत वाटते तितकी दुर्मिळ नाही, कारण आराखडा जपानीत असतो आणि इथे कोणी तो वाचून दाखवत नाही.

आता कामाच्या वाटणीचा नियम पाहा. सगळे काम तीन प्रकारांत विभागलेले असते. मुख्य काम म्हणजे ते कौशल्य शिकण्यासाठी जे करावेच लागते : जमीन तयार करणे, रोपे, लागवड, पिकाची निगा, काढणी वगैरे. हे एकूण वेळेच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. संबंधित काम, म्हणजे त्या मुख्य कामाशी जोडून येणारे, निम्म्यापेक्षा जास्त असू शकत नाही. आणि पूरक काम, म्हणजे सामान्यतः साफसफाई, माल इकडून तिकडे नेणे अशी कामे, एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. शिवाय या प्रत्येक प्रकारात किमान दहा टक्के वेळ सुरक्षिततेच्या कामाला द्यायचा असतो. औषध फवारताना काय घालायचे, यंत्राला हात कसा लावायचा, हे शिकवणे आराखड्याचा भाग आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे.

आकड्यांत मांडू. समजा वर्षाला १,९२० तास काम ठरले आहे. त्यातले किमान ९६० तास मुख्य कामाचे हवेत. पूरक काम ६४० तासांपलीकडे जाता कामा नये. आता पालेभाज्यांच्या मोठ्या शेतावर काय होते? हंगामात माल इतका निघतो की प्रशिक्षणार्थींना शेडमध्येच बसवतात. सकाळी सहापासून निवडणे, बांधणे, पेट्या भरणे, गाडीत चढवणे. पहिला महिना कोणी बोलत नाही, हंगाम आहे म्हणून. असे चार महिने गेले तर सुमारे ६४० तास संपले. त्यात पूरक कामाचा वाटा मोठा असेल तर वर्षाची मर्यादा तिथेच गाठली जाते आणि उरलेल्या आठ महिन्यांत मालकाला काम बदलावेच लागते. पण हे त्या मुलाला कळणार कसे? आराखड्याचा महिनावार तक्ता जवळ असेल तरच.

म्हणून पहिले काम : आराखड्याची प्रत मागा. मूळ जपानी आणि समजेल अशा भाषेतली, दोन्ही. इंग्रजी चालेल. जपानी प्रत मोबाइलवर भाषांतर करून पाहिली तरी पिकाचा प्रकार, शेताचा पत्ता आणि तासांचे रकाने सहज कळतात. पत्ता महत्त्वाचा अशासाठी, की आराखड्यात लिहिलेल्या ठिकाणीच काम करायचे असते. शेजाऱ्याकडे काढणीला माणसे कमी पडली म्हणून प्रशिक्षणार्थी तिकडे पाठवले, हे आपल्याकडच्या इर्जिकीसारखे साधे वाटेल. तिथे तो आराखड्याचा भंग आहे आणि त्यावर मंजुरी रद्द होऊ शकते.

मालकाला आणखी तीन जबाबदाऱ्या नेमून द्याव्या लागतात : एकूण जबाबदार व्यक्ती, त्या कामाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला शिक्षक, आणि राहणीमानाची काळजी घेणारा मार्गदर्शक. छोट्या शेतावर घरचीच माणसे ही कामे वाटून घेतात, तेही चालते. पण नावे लिहिलेली असतात. शिवाय मालकाने रोजची प्रशिक्षण नोंदवही ठेवायची असते : आज काय शिकवले, काय केले. ज्या देखरेख संस्थेमार्फत मुलगा गेला तिने पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा शेतावर येऊन पाहायचे असते आणि तीन महिन्यांतून किमान एकदा रीतसर तपासणी करायची असते. मुलानेही स्वतःची छोटी वही ठेवावी. तारीख, सुरू केल्याची वेळ, सुटल्याची वेळ, काम काय. मराठीत लिहिली तरी हरकत नाही. वाद झाला की मालकाची वही आणि मुलाची वही समोरासमोर ठेवली जाते, आणि ज्याची वही नाही त्याचे म्हणणे हवेत राहते.

वर्षभरानंतर परीक्षा असते. पहिल्या वर्षाच्या अखेरीआधी मूलभूत स्तराची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण झाली तरच दुसरे आणि तिसरे वर्ष मिळते. नापास झाल्यास एक फेरपरीक्षा. चार महिने पेट्या भरणारा मुलगा त्या परीक्षेत मातीचे प्रकार आणि किडी कशा ओळखणार? आराखडा कागदावर राहिला तर नुकसान नेमके इथे होते, आणि ते मालकाचे नसून मुलाचे असते.

पगाराला खाली मर्यादा आहे, वर नाही

‘प्रशिक्षण आहे म्हणून विद्यावेतन मिळेल’ असे काही दलाल सांगतात. हे फक्त सुरुवातीच्या एक-दोन महिन्यांपुरते खरे आहे. जपानला पोहोचल्यावर आधी वर्गातले प्रशिक्षण असते : भाषा, राहणीमान, कायद्याने मिळणारे संरक्षण. या काळात शेतावर काम करून घेता येत नाही आणि पगारही नसतो, राहण्या-खाण्यापुरता भत्ता असतो. वर्ग संपला की मजुरीचा करार सुरू होतो आणि त्या दिवसापासून मुलगा कायद्याने कामगार असतो.

मग दोन मर्यादा लागू होतात. पहिली, त्या प्रांताचे किमान वेतन. २०२५ च्या सुधारणेनंतर जपानची सरासरी ताशी १,१२१ येन आहे. टोकियोत १,२२६ आणि सर्वात कमी दर असलेल्या प्रांतांत १,०२३. शेती साहजिकच कमी दराच्या प्रांतांत जास्त आहे. दर दरवर्षी शरद ऋतूच्या सुमारास वाढतो, त्यामुळे करारावरचा आकडा वर्षभरात जुना होतो आणि मालकाने तो वाढवायलाच हवा. दुसरी मर्यादा, तेच काम करणाऱ्या जपानी माणसाइतका किंवा त्याहून जास्त पगार. आराखडा मंजूर करताना मालकाने हे दाखवून द्यायचे असते. शेतावर जपानी मजूरच नसेल तर पगाराचा आकडा कशाच्या आधारे ठरवला, हे लिहून द्यावे लागते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पगार किमान वेतनालाच चिकटलेला असतो, हे कटू पण खरे आहे. जास्त द्यायला मात्र बंदी नाही.

आता एक हिशोब करू. निफाडकडचा एक बावीस वर्षांचा मुलगा हरितगृहात टोमॅटोच्या कामाला गेला असे समजा. उदाहरणासाठी ताशी दर १,०५० येन धरू. रोज ८ तास, महिन्याला २२ दिवस, म्हणजे १७६ तास. एकूण पगार १,८४,८०० येन. फलकावरचा आकडा हाच असतो.

यातून काय कापले जाते ते आता पाहू. लहान, वैयक्तिक मालकीच्या शेतांना कंपन्यांसारखी सामाजिक विमा योजना बंधनकारक नसते. अशा वेळी प्रशिक्षणार्थीला राष्ट्रीय निवृत्तिवेतन आणि राष्ट्रीय आरोग्य विमा स्वतः भरावा लागतो. निवृत्तिवेतनाचा हप्ता वीस वर्षांवरील प्रत्येकाला ठरलेला असतो. २०२५-२६ मध्ये तो महिन्याला १७,५१० येन होता. आरोग्य विमा गावागावांत वेगळा, समजा ६,००० येन. प्राप्तिकर समजा ४,००० येन. खोलीचे भाडे २०,००० आणि वीज-पाणी-गॅस ८,००० धरू. एकूण झाले ५५,५१० येन. हातात राहिले १,२९,२९० येन. जेवणाचे आणि मोबाइलचे ३०,००० गेले की मागे पडतात साधारण ९९,००० येन. येनला ५८ पैसे हा दर धरला तर ५७ हजार रुपयांच्या आसपास. फलकावरचा आकडा रुपयांत नेला असता तर १ लाख ७ हजार दिसला असता.

या हिशोबात एक गोष्ट पहिल्या वर्षी दिसतच नाही. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, म्हणून तो दुसऱ्या वर्षी सुरू होतो आणि दरमहा काही हजार येन नेतो. ‘मालकाने पगार कमी केला’ अशी तक्रार घरी फोनवर येते तेव्हा आधी पगारपत्रकावर हा रकाना नव्याने आला आहे का, ते पाहायला सांगा. पुष्कळदा कारण तेच निघते.

भाड्याच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. कर आणि विमा सोडून मालक पगारातून काही कापणार असेल तर त्यासाठी लेखी करार लागतो आणि रक्कम प्रत्यक्ष खर्चाइतकीच असावी लागते. जुन्या घरात चार मुले ठेवली, घराचे भाडे महिना ४०,००० येन, आणि प्रत्येकाकडून २०,००० कापले, तर मालक भाड्यातच ४०,००० कमावतो. हे नियमाबाहेरचे आहे. किमान वेतनाची भिंत वरून भक्कम दिसते, तिला भोक पाडले जाते ते इथून. म्हणून करारात भाडे किती, किती जणांत वाटलेले आणि खोलीचे क्षेत्रफळ किती, हे विचारून घ्या.

शेतीतली पळवाट : जादा तास

उद्योगातल्या प्रशिक्षणार्थीला जे आपोआप मिळते ते शेतीत मिळेलच असे नाही. जपानच्या कामगार कायद्यात शेती आणि पशुपालनाला कामाचे तास, विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टी या नियमांतून सूट आहे. कारण आपल्याला परके नाही. पाऊस आणि जनावर घड्याळ पाहत नाहीत. पण याचा परिणाम असा, की आठ तासांनंतरच्या कामाला २५ टक्के जादा दर द्यायची सक्ती कायद्याने शेतीवर नाही. फक्त रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंतच्या कामाला जादा दर शेतीतही द्यावाच लागतो. दुग्धव्यवसायात पहाटेच्या धारा असतात, तिथे हे लक्षात ठेवा.

यावर जपानच्या कृषी मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना दिली आहे, की प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत तास, विश्रांती आणि सुट्टी इतर उद्योगांप्रमाणेच धरावी. सूचना चांगली आहे, पण खरा आधार कराराचा. करारात ‘ठरलेल्या तासांवरील कामाला २५ टक्के जादा’ असे लिहिले असेल तर ते मिळालेच पाहिजे. लिहिलेले नसेल तर भांडायला हातात कागद नसतो.

फरक किती पडतो? वरच्या उदाहरणात महिन्याला ३० तास जादा काम झाले असे समजा. साध्या दराने ३१,५०० येन. जादा दराने ३९,३७५. दर महिन्याला ७,८७५ येनचा फरक, म्हणजे साडेचार हजार रुपये. वर्षात असे सहा महिने हंगाम चालला तर सत्तावीस हजार रुपये, तेही करारातल्या एका ओळीमुळे.

याची दुसरी बाजू हिवाळ्याची. बर्फाच्या भागात खुल्या शेतातले काम थंडीत जवळजवळ थांबते. महिन्याला २२ दिवस हा आकडा मग १२ वर येतो आणि भाडे, विमा, निवृत्तिवेतन तेवढेच राहते. मालकाच्या कारणाने काम बंद राहिले तर सरासरी मजुरीच्या किमान ६० टक्के भरपाई द्यावी लागते, पण करारातच हिवाळ्याचे दिवस कमी लिहिलेले असतील तर ती मागता येत नाही. म्हणून महिन्याचा पगार विचारू नका, वर्षाचे तास विचारा. हरितगृह आणि पशुपालनात काम बारमाही असते, खुल्या भाजीपाल्यात नसते. मुलाने कुठले काम निवडावे याचा विचार करताना माझ्या मते हा मुद्दा ताशी दरापेक्षा मोठा आहे.

कर्ज काढून गेलेला मुलगा बोलत नाही

जपानच्या इमिग्रेशन खात्याने २०२२ मध्ये प्रशिक्षणार्थींची पाहणी प्रसिद्ध केली. येण्यापूर्वी आपल्या देशात त्यांनी सरासरी सुमारे ५ लाख ४२ हजार येन भरले होते आणि निम्म्याहून अधिक जणांनी त्यासाठी कर्ज काढले होते. फिलिपिन्सच्या प्रशिक्षणार्थींनी मात्र सरासरी १ लाख ५४ हजार येनच्या आसपासच भरले होते. योजना तीच आहे, जपान तोच आहे, फरक पाठवणाऱ्या देशातल्या बंदोबस्ताचा आहे.

कर्जाचा संबंध थेट आराखड्याशी येतो. जुन्या योजनेत प्रशिक्षणार्थीला मालक बदलता येत नाही. छळ, बेकायदा वागणूक, शेत बंद पडणे अशा नाइलाजाच्या कारणांनीच बदल मिळतो. गावी शेकडा दोनने ४ लाख उचलले असतील तर महिन्याला ८ हजार नुसते व्याज. असा मुलगा पेट्या भरत बसतो, भाड्याबद्दल विचारत नाही, परीक्षेची तयारी मागत नाही. कारण तक्रार केली आणि मालकाच्या आराखड्याची मंजुरी गेली, तर दुसरे शेत मिळेपर्यंत पगार बंद. काही जण मग पळून जातात. २०२३ मध्ये जपानमध्ये ९,७५३ प्रशिक्षणार्थी असे बेपत्ता झाले. पळालेल्याचा व्हिसा जातो आणि पुढचे सगळे दरवाजे बंद होतात.

अनामत रक्कम, ‘मध्येच सोडलेस तर इतके भर’ असा दंडाचा करार, पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे, या तिन्ही गोष्टींना जपानच्या कायद्यात मनाई आहे. आपल्याकडे पाठवणी संस्थेने कोरा धनादेश किंवा सातबाऱ्यावर बोजा मागितला तर तो याच मनाईचा भंग समजा आणि तिथून उठा. संस्था एनएसडीसीच्या मान्यतेच्या यादीत आहे की नाही, हे संस्थेच्या कार्यालयातल्या चौकटीतल्या प्रमाणपत्रावर न जाता थेट एनएसडीसीकडे विचारा.

आणखी एक खोटेपणा शेतकऱ्याच्या मुलाच्या वाट्याला विनाकारण येतो. जुन्या योजनेत त्याच प्रकारच्या कामाचा आधीचा अनुभव दाखवावा लागतो. ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे त्याला खरा अनुभव आहे, तरी संस्था सोयीसाठी भलत्याच कंपनीचा अनुभवाचा दाखला जोडते. पुढे कुशल कामगाराच्या व्हिसाला अर्ज करताना दोन अर्जांतली माहिती जुळत नाही आणि मुलगा खोटा ठरतो. घरच्या शेतीचा अनुभव जसा आहे तसा लिहायला सांगा. अर्जाची प्रत जपून ठेवा.

एप्रिल २०२७ पासून काय बदलते

नव्या व्यवस्थेत आराखडा राहतोच, फक्त त्याचे उद्दिष्ट बदलते. जुन्या योजनेचा दावा होता की कौशल्य शिकून मायदेशी न्यायचे. नवी व्यवस्था सरळ म्हणते, की तीन वर्षांत माणूस कुशल कामगाराच्या पातळीला आणायचा आणि हवे तर जपानमध्येच ठेवायचा. निदान बोलणे आणि करणे एक झाले, असे म्हणता येईल.

मुलाच्या दृष्टीने तीन बदल मोठे आहेत. पाठवणी संस्थेला मुलाने भरायच्या रकमेवर मर्यादा आली : आराखड्यातल्या दोन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त नाही. वरच्या उदाहरणात दोन महिने म्हणजे ३,६९,६०० येन, रुपयांत २ लाख १४ हजारांच्या आसपास. मला ही मर्यादा अजूनही सैल वाटते, पण पाच-सहा लाख मागणाऱ्याला दाखवायला निदान आकडा मिळाला. दुसरा बदल, त्याच क्षेत्रात १ ते २ वर्षांनी मालक बदलता येईल. त्यासाठी मूलभूत कौशल्य परीक्षा आणि जपानी भाषेची ठरलेली पातळी लागेल. म्हणजे परीक्षेची तयारी आता फक्त व्हिसा वाढवण्यासाठी उरत नाही. वाईट शेत सोडून चांगल्या शेतावर जायची वाटही तिच्यातूनच जाते. तिसरा, शेतीत कामगार पुरवणाऱ्या संस्थेमार्फत हंगामानुसार एकाहून अधिक ठिकाणी काम करता येईल. हिवाळ्याच्या रिकाम्या महिन्यांवर हा उपाय आहे. पण मग आराखड्यात दोन्ही ठिकाणांचे पत्ते, दोन्हीकडचे तास आणि प्रवासाचा खर्च कोणाचा, हे वाचावे लागेल.

मार्च २०२७ च्या आधी जुन्या योजनेत पोहोचलेल्यांना घाबरायचे कारण नाही. पहिल्या टप्प्यात असलेल्यांना संक्रमणाच्या नियमांनुसार दुसरा टप्पा पूर्ण करता येतो. मात्र ‘आत्ताच जा, नंतर बंद होणार’ असे सांगून कोणी घाई करत असेल, तर ती घाई त्याच्या सोयीची आहे. पैशाची मर्यादा आणि मालक बदलण्याची मुभा या दोन्ही गोष्टी नव्या व्यवस्थेत आहेत. ज्याची भाषा अजून कच्ची आहे त्याने ते महिने भाषेला दिले तर तोटा नाही.

कृषी सहायक आणि विज्ञान केंद्रातल्या मित्रांकडे असे कागद वारंवार येतात. त्यांनी पाहायला पाच गोष्टी पुरेशा आहेत : आराखड्यातला पिकाचा प्रकार आणि पत्ता, वर्षाचे एकूण तास, जादा तासांची ओळ, भाड्याची रक्कम, आणि मुलाने आजवर भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती. यातले एकही मिळत नसेल तर सही पुढच्या आठवड्यावर ढकलायला सांगा. तिथे पोहोचल्यावर अडचण आली तर ओटीआयटीकडे इंग्रजीतून तक्रार करता येते. नंबर जायच्या आधीच मुलाच्या फोनमध्ये हवा.

आणि परत आलेल्यांसाठी : तीन वर्षे राष्ट्रीय निवृत्तिवेतनाचे हप्ते भरले असतील तर त्यातली काही रक्कम एकरकमी परत मिळते. छत्तीस हप्त्यांसाठी, २०२५-२६ च्या दराने, ती ३,१५,१८० येन होते. अर्ज जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. त्याला निवृत्तिवेतन क्रमांकाचा कागद, पासपोर्टची प्रत आणि बँकेचा तपशील लागतो. हा क्रमांकाचा कागद बहुतेक मुले खोली रिकामी करताना कचऱ्यात टाकून येतात.